जालना रस्त्यावरचे पाच पत्ते

गुरुवार, २१ ऑगस्ट. काम साधं होतं. रविवारच्या बैठकीची जागा बदलल्याचं सगळ्यांना कळवायचं.

आमची बैठक दर महिन्याच्या चौथ्या रविवारी गुलमंडीजवळच्या एका हॉलमध्ये भरते. या वेळी हॉलवाल्याने बारशासाठी दुसऱ्यालाच हॉल देऊन टाकला आणि आम्हाला चार दिवस आधी सांगितलं. मी त्याच्याशी फोनवर भांडले, तो "व्हय ताई, चूक झाली" एवढंच म्हणत राहिला. शेवटी आमच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर बैठक घ्यायची ठरली.

बैठक अपस्माराच्या रुग्णांची. फिट येणं, मिरगी, फेफरं, लोक ज्या नावाने बोलतात ते सगळं. मेंदूविकाराचे एक डॉक्टर आणि त्यांनी उभी केलेली एक छोटी संस्था. मी तिच्या कार्यालयाचं काम बघते. नोंदणी, औषधांच्या सवलतीचे कागद, बैठका, निरोप. बैठकीत डॉक्टर तासभर बोलतात, मग लोक विचारतात. गाडी चालवावी का, उपवास चालतो का, लग्न जमवताना सांगावं का. शेवटचा प्रश्न दर वेळी निघतो.

निरोप दोन प्रकारे जातात. बहुतेक लोक व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आहेत. ज्यांना ग्रुप नको, कारण ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचा नंबर दिसतो, त्यांना ईमेल. ईमेल पाठवताना मी 'टू'मध्ये संस्थेचाच पत्ता टाकते आणि बाकी सगळे 'बीसीसी'त. म्हणजे प्रत्येकाला पत्र मिळतं, पण आणखी कोणाला मिळालं ते कोणालाच दिसत नाही. हा नियम मीच केला. पूर्वी आमच्याकडे सगळे पत्ते उघडे जात. मी आल्यावर पहिल्याच महिन्यात ते बंद केलं आणि त्याबद्दल मला थोडा अभिमानही होता. नव्या माणसाला शिकवताना मी सांगायची, "पत्ता म्हणजे नुसता पत्ता नाही. त्यात नाव आहे, आडनाव आहे, कधीकधी गाव आहे. आमच्या यादीत नाव असणं म्हणजेच आजार सांगणं."

हे मला पाठ होतं, म्हणून पुढचं लिहायला जड जातं.

एक अपवाद होता. करमाड, शेंद्रा, त्या जालना रस्त्याच्या बाजूने चारपाच माणसं येतात. त्यांच्यात जुनी पद्धत आहे, सोबतीची. फिट येणाऱ्याने एकट्याने लांबचा प्रवास करू नये असं डॉक्टर सांगतात, म्हणून तिकडचे लोक एकत्र येतात. करमाडजवळ एक काका आहेत, दुधाचा धंदा. पहाटे ते पिकअप घेऊन वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करतात आणि बैठकीच्या रविवारी त्याच पिकअपमध्ये कॅन उतरवून माणसं भरतात. त्यांच्या मुलाला लहानपणापासून फिट येतात. या सोबतीवाल्यांना मी ईमेल पाठवते ती उघडी, सगळ्यांचे पत्ते 'सीसी'त. त्यांनीच तसं मागितलं होतं, एकमेकांना उत्तर देऊन वेळ ठरवता यावी म्हणून. कोणी काही लपवत नव्हतं. काका तर म्हणायचे, "आमच्या पोराचं समद्या गावाला माहीत हाय. लपवून काय फिट थांबतीय का?"

तर त्या गुरुवारी मी सगळ्यांना बीसीसीने पत्र पाठवलं आणि मग जालना रस्त्यासाठी वेगळं लिहायला घेतलं. चार पत्ते टाकले. आणि पाचवा टाकला.

पाचवा पत्ता एका शिक्षिकेचा होता. पंचविशीची मुलगी, शेंद्र्याच्या बाजूला एका खासगी शाळेत शिकवते. दोन महिन्यांपूर्वी नोंदणीला आली होती. आमच्या स्वागतकक्षात आपा बसतात, शहागंजच्या, तीस वर्षं माणसं बघून तयार झालेल्या. त्यांनी कार्ड भरलं, मग मला आत बोलावलं, कारण मुलीला काहीतरी खास सांगायचं होतं.

"फोन नको," ती म्हणाली. "घरी फोन आईकडे असतो, कोणीही उचलतं. ग्रुपही नको. ईमेल माझी एकटीची आहे, ती चालेल. आणि माझं नाव कोणाला कळायला नको."

"अर्थातच," मी म्हणाले.

"नक्की ना?"

"अहो, आमचं कामच ते आहे."

आपा कार्डावर काहीतरी लिहीत होत्या. त्या वर न बघता म्हणाल्या, "बेटा, हमारी मॅडम का पेट तिजोरी है. चावी भी खुद को नहीं मिलती."

मुलगी हसली. मला तिचं ते हसणं आठवतं.

ऑगस्टच्या सुरुवातीला ती डॉक्टरांना दाखवायला आली, एसटीने, एकटी. तिच्या उजव्या कोपराला मोठी खपली होती. मी बघितलं आणि मनात नोंद केली: पडली. रस्त्यात फिट आली असणार. एकटीच येते, कोणाला सांगत नाही, एक दिवस बसस्टँडवर डोकं फुटेल. मी विचारलं नाही. माझी सवयच आहे, दिसलं की ठरवायचं. घरातही मी कोणाला विचारत बसत नाही, चहात साखर किती, स्वेटर हवा का. करून टाकते.

तर पाचवा पत्ता मी विसरून टाकला नाही, बोट चुकून टाकला नाही. विचार करून टाकला. तिच्या शाळेपासून करमाडचा फाटा दहा मिनिटांवर. काकांची गाडी तिथूनच जाते. तिला सोबत मिळेल, काका देवमाणूस, बाकीच्या तिघी बायका. पाच लोकांत काय एवढं. आणि पत्र असं लिहिलं:

"रविवारची बैठक दवाखान्यात, सकाळी अकराला. करमाड-शेंद्रा बाजूच्या सर्वांनी आपापसांत ठरवून एकत्र यावे. फिट येणाऱ्यांनी एकट्याने प्रवास करू नये. या वेळी आपल्यात एक नवीन सदस्य आहेत, त्यांनाही सोबत घ्यावे."

नवीन सदस्य. चार पत्ते सगळ्यांच्या ओळखीचे, पाचवा नवीन, त्यात तिचं पूर्ण नाव आणि आडनाव. मी कोडंही घातलं आणि खाली उत्तरही छापलं.

पाठवलं आणि औषधांच्या कागदांकडे वळले. जेवणाच्या सुट्टीनंतर आपांनी त्यांच्या संगणकावरून हाक मारली. संस्थेची ईमेल त्यांच्याकडेही उघडी असते.

"मॅडम, दूधवाले चाचा का जवाब आया. देखो जरा."

काकांनी 'रिप्लाय ऑल' केलं होतं. ते नेहमीच करतात, त्या यादीत तीच पद्धत. मोबाइलवर बोलून टाइप करतात, त्यामुळे ते लिहितात ते बोलल्यासारखंच येतं.

"सगळ्यांना रामराम. रविवारी गाडी साडेनऊला फाट्यावर हाय. नवीन मॅडम, तुमचं नाव बघून लई आनंद झाला. तुम्ही तर आमच्या पाहुण्यांच्या होणाऱ्या सूनबाई. मी रोज सकाळी तुमच्या सासरच्या गोठ्यावरच दूध घ्यायला जातो. काही लाजू नका, घरचंच समजा. मी आणतो तुम्हाला."

मी ते दोनदा वाचलं. आपांनी माझ्याकडे बघितलं. "ये वही बच्ची है ना? जिसको आपने बोला था..."

"हो," मी म्हणाले. "तीच."

त्यांनी तिजोरीची चेष्टाही केली नाही, आणि ते न करणं मला जास्त लागलं.

माझी पहिली हालचाल अगदी माझ्यासारखी होती: लगेच निस्तरायचं. पाठवलेलं पत्र मागे घेता येतं का ते बघितलं. येत नाही, पाठवल्यावर काही सेकंदच ती सोय असते, आणि तीन तास होऊन गेले होते. मग मी त्याच पाच जणांना दुसरं पत्र लिहायला घेतलं. "आधीच्या पत्रात चुकून एका सदस्याचा पत्ता उघड झाला आहे, कृपया ते पत्र काढून टाकावे, कोणाशी चर्चा करू नये." अर्धं लिहून झालं आणि थांबले. ज्या बायकांनी ते पत्र अजून नीट वाचलंच नसेल, त्या आता शोधून वाचणार. "चर्चा करू नये" म्हटलं की चर्चा सुरू. शिवाय हे पत्रही त्याच उघड्या पत्त्यांवर जाणार होतं. मी ते पुसलं आणि डॉक्टरांच्या खोलीत गेले.

डॉक्टर थोडं बोलतात. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला.

"तिला कळवलंत?"

"अजून नाही. आधी बाकीच्यांना..."

"आधी तिला. नाव तिचं आहे. काय कोणाकडे गेलं ते स्पष्ट सांगा, मग ती ठरवेल. आपण ठरवायचं नाही." मग म्हणाले, "मला वाटतं तुम्ही एकदा ठरवलंय, तेवढं पुरे."

त्यांचा आवाज चढला नव्हता. तरी मी खोलीबाहेर आले तेव्हा कान गरम झाले होते.

तिला कळवायचं कसं? फोन नको म्हणालेली. ईमेल लिहायला बसले आणि पहिल्यांदाच मला आमच्या पत्रांचं वरचं टोक दिसलं. पाठवणाऱ्याच्या जागी येतं: "अपस्मार आधार गट". बीसीसी केलं काय, न केलं काय, मोबाइल टेबलावर पालथा न ठेवता सुलटा पडला असेल तर शेजारी बसलेल्या कोणालाही हे तीन शब्द वाचता येतील. शाळेच्या स्टाफरूममध्ये, बसमध्ये, आईच्या हातात. इतकी वर्षं मी पत्ते झाकत होते आणि दारावर पाटी लावून ठेवली होती.

मी सेटिंगमध्ये जाऊन ते नाव काढलं. तिथे नुसतं "कार्यालय" लिहिलं. विषयाच्या जागी "फोनची विनंती". आत एकच वाक्य: "वेळ मिळेल तेव्हा तुमच्या सोयीच्या जागेवरून कार्यालयात फोन करावा, आज शक्य असेल तर बरं." 'टू'मध्ये तिचा एकटीचा पत्ता. पाठवायच्या आधी तो अक्षर अक्षर वाचला.

शाळा सुटल्यावर तिचा फोन आला. मागे ट्रकांचा आवाज होता, रस्त्याच्या कडेला उभी असावी.

मी सरळ सांगितलं. सकाळी पत्र पाठवलं. पाच जणांचे पत्ते एकमेकांना दिसत होते, त्यात तुमचा होता. दूधवाल्या काकांनी ओळखलं, सगळ्यांना उत्तर पाठवलं. चूक माझी. तुम्ही नको म्हणाला होतात आणि मी तरी टाकला.

"मी ते उत्तर अजून बघितलं नाही," ती म्हणाली. "शाळेत मोबाइल कपाटात ठेवायला लागतो." मग, "का टाकलात?"

"सोबत व्हावी म्हणून. तुम्ही एकट्या येता. मागच्या वेळी कोपराला लागलेलं बघितलं, मला वाटलं रस्त्यात..."

"मॅडम, ते खो-खोत लागलं! मुलींना शिकवताना खांबाला घासलं." तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "मला दीड वर्षात एकदाही आली नाही. डॉक्टरांच्या फाइलमध्ये लिहिलंय. तुम्ही विचारायचं तरी."

"हो," मी म्हणाले. "विचारायला हवं होतं."

मग तिने जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. होणाऱ्या नवऱ्याला तिने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. सुपारी फुटण्याआधी. तो म्हणाला, मला चालतं, पण माझ्या आईला नीट समजावून सांगावं लागेल. तिच्या माहेरी एक मुलगी फिट येऊन विहिरीत पडली होती, ती घाबरते. दोघांनी मिळून ठरवलं होतं की या रविवारी आईला बैठकीला घेऊन यायचं. काही सांगून नव्हे, एका डॉक्टरांचं भाषण आहे म्हणून. आधी डॉक्टरांचं ऐकू द्यायचं, इतकी माणसं बघू द्यायची, नोकऱ्या करणारी, संसार करणारी. मग तिथेच, बैठक संपल्यावर, हिने स्वतः सांगायचं.

"म्हणून मी दोन महिने या बैठकीची वाट बघत होते," ती म्हणाली. "मला सोबत नको होती. मला त्यांना घेऊन यायचं होतं."

मी म्हणाले, "काकांशी मी आत्ता बोलते."

"ते उद्या पहाटे गोठ्यावर जातील."

"मी सांगते त्यांना."

"सांगा. पण बाकीच्या तिघी? त्यांनी वाचलं असेल. त्यांच्या घरी कोणी वाचलं असेल." मग, "मॅडम, सासूबाईंना माझ्याकडून कळलं तर वेगळं. गोठ्यात कळलं तर मी लपवत होते असं होणार. आयुष्यभर तसंच राहणार ते."

फोन ठेवताना ती "ठेवते" म्हणाली, "थँक यू" म्हणाली नाही. का म्हणेल?

काकांनी फोन दुसऱ्या रिंगला उचलला. मागे म्हैस ओरडत होती.

"बोला ताई! रविवारी येतोयच आम्ही."

मी सांगितलं. थोडा वेळ त्यांना कळेचना.

"मंजी मी काय वाईट लिवलं का?"

"वाईट नाही लिहिलंत. चूक माझी. त्यांचा पत्ता मी टाकायला नको होता. पण त्यांच्या सासरी अजून माहीत नाही. त्या स्वतः सांगणार आहेत. उद्या सकाळी तुम्ही तिथे काही बोलू नका, एवढंच."

"अरं बाबा," ते म्हणाले. मग, "खरं सांगू ताई? मी बोलणारच व्हतो. चांगलंच बोलणार व्हतो. म्हातारीला म्हणणार व्हतो, लई गुणाची पोरगी हाय, काळजी करू नको, मी हाय ना न्यायला आणायला."

त्यांच्या चांगुलपणानेच सगळं फुटणार होतं आणि त्या चांगुलपणाच्या हातात पत्ता मी दिला होता.

"पण एक सांगा," काकांचा आवाज जरा ताठ झाला. "ही लपवायची गोष्ट हाय का? तुमीच बैठकीत सांगता ना, लाजू नका, झाकू नका. आन् आता मलाच म्हणता बोलू नका."

"काका, तुम्ही मुलाचं सांगितलंत. तुमचा मुलगा, तुमचं तोंड. त्यांचं त्यांना सांगू द्या."

"व्हय," ते म्हणाले. "ते बी खरं. नाय बोलत. आईची आन. पण ताई, एक झालंय. दुपारी घरी बोललो मी. बायकोला. ती लगेच खूश झाली. तिला सांगतो आता गप बस म्हणून. पर तिचं तोंड माझ्या हातात नाय, मी खोटं कशाला बोलू?"

"त्यांना द्या फोन."

काकू आल्या. मी सगळं परत सांगितलं. त्या ऐकत होत्या, मधे "अगं बया" म्हणाल्या. शेवटी म्हणाल्या, "मी तर संध्याकाळी भजनाला जाणार होते त्यांच्याच आळीत. आता नाय जात. पाय दुखतेत म्हणून सांगते." आणि मग, जरा तिखट, "तुमच्या हाफिसात असं होतं व्हय? आमी तर तुमच्यावर इश्वास ठिवून नावं देतो."

"झालं खरं," मी म्हणाले. "होऊ नये असं झालं."

मग तिघी बायका. एकेकीला वेगळा फोन. एकीने पत्र बघितलंही नव्हतं. तिला मी न बघता काढून टाकायला सांगितलं, आणि तिने फोनवर असतानाच काढलं. दुसरीने वाचलं होतं, नाव ओळखलं नव्हतं. तिसरीने उचललाच नाही. मी तीनदा लावला. रात्री घरी पोचल्यावर परत लावला. मग सोडून दिलं, कारण किती वेळा लावला ते तिला दिसणार आणि तेही एक प्रकारचं सांगणंच.

जेवताना नवऱ्याने विचारलं, काय झालंय. मी सांगितलं, नाव न घेता. तो म्हणाला, "हेतू तर चांगलाच होता तुझा."

"तेच ना," मी म्हणाले. "हेतू वाईट असता तर मी टाकलाच नसता. घाबरून नीट वागले असते."

त्याने भाजी पुढे सरकवली. मी जेवले. उपाशी राहून कोणाचं काही दुरुस्त होत नाही.

झोपायच्या आधी तिची ईमेल आली. दोनच ओळी. "मी त्यांना फोन करून सगळं सांगितलं. काकांना आता काही सांगायची गरज नाही." सासूबाई काय म्हणाल्या ते लिहिलं नव्हतं. विचारायचा हक्क मला नव्हता, आणि तरीही मी मोबाइल हातात घेऊन, उत्तर लिहायची खिडकी उघडून बसले होते. तिने रविवारसाठी दोन महिने राखून ठेवलेली गोष्ट तिला गुरुवारी रात्री फोनवर, समोर बसून नाही, डॉक्टर शेजारी नाहीत, अशी सांगावी लागली. माझ्यामुळे. पलीकडे एक घाबरणारी बाई, डोळ्यासमोर ती विहीर. मी खिडकी बंद केली.

शुक्रवारी सकाळी मी दवाखान्यात लवकर गेले. आपा नव्हत्या आल्या. मी पंखा लावला, संगणक लावला आणि यादी परत पहिल्यापासून बघितली. ज्यांना एकमेकांचे पत्ते दिसतात अशा जालना रस्त्याच्या त्या चार जणांना एकेकाला वेगळं पत्र लिहिलं: यापुढे पत्र प्रत्येकाला वेगळं येईल; सोबतीसाठी तुमचं नाव आणि नंबर दुसऱ्यांना दिला तर चालेल का, हो किंवा नाही एवढंच कळवा; नाही म्हटलंत तरी बैठकीला येता येईल. 'चालेल असं गृहीत धरलं आहे' अशी सवयीने आलेली ओळ खोडली.

मग रविवारची सूचना परत लिहिली, कारण आधीच्या पत्रातही विषयाच्या जागी मी आजाराचं नाव लिहिलं होतं. या वेळी विषय: "रविवार, अकरा वाजता". आत जागा, वेळ, जिन्याचा दरवाजा कुठला. कशाची बैठक, कोणासाठी, काही नाही. जे येतात त्यांना माहीत आहे. "सर्व रुग्ण व नातेवाईक" असं लिहायची माझी पद्धत होती, तेही काढलं. वाचताना मी मनात बसमध्ये बसले आणि शेजारच्या बाईला खांद्यावरून वाचू दिलं. तिला काही कळलं नाही. मग 'टू'मध्ये संस्था, 'बीसीसी'त सगळे, आणि पाठवलं.

तिचा पत्ता मी त्यातून काढून घेतला होता. तिला वेगळं पाठवायचं होतं.

आधी लांब लिहिलं. माझी चूक, माफी, तुमचा विश्वास, रविवारी सासूबाईंना घेऊन आलात तर डॉक्टर आधी पाच मिनिटं वेगळे बोलतील, मी स्वतः विचारून ठेवलंय. वाचून बघितलं. प्रत्येक ओळीत तिचं गुपित होतं. माफीत तर सगळ्यात जास्त; ते पत्र दुसऱ्या कोणी उघडलं तर पहिली ओळ वाचूनच कळलं असतं की काहीतरी आहे. फोन नको म्हणालेली मुलगी, फोन करता येत नाही. पत्रात लिहिता येत नाही. म्हणजे माफी मला बाळगूनच राहायला लागणार होती, ती समोर येईपर्यंत, आली तर.

मी सगळं पुसलं. लिहिलं: "रविवार, अकरा वाजता. तुम्ही साडेदहाला आलात तर वेळ राखून ठेवलेली आहे. कितीही जण आलात तरी चालेल."

'सीसी' रिकामं. 'बीसीसी' रिकामं. 'टू'मध्ये एक पत्ता. मी पाठवलं. मग कपाटातून तिची फाइल काढली, नोंदणीचं कार्ड शोधलं. आपांच्या अक्षरात तिथे लिहिलेलं होतं, "नाव कोणाला नको", खाली दोन रेघा मारलेल्या. मी ते कार्ड इतके दिवस सगळ्या कागदांच्या मागे लावलं होतं. पिन काढली आणि फाइल उघडताच दिसेल असं पुढे लावलं.